शेवटचा फर्मा नसलेली १९३८ ची कादंबरी : इंदूर, बडोदे, ग्वाल्हेरच्या मंडळींकडून मदत हवी

रामबागची_सई

नमस्कार. माझ्या आजोबांच्या आत्याने टोपणनावाने एक कादंबरी लिहिली होती. १९३८ ची पहिली आवृत्ती, प्रकाशक इंदूरचे, किंमत दीड रुपया. प्रकाशनसंस्था केव्हाच बंद झाली आहे. आत्याआजी १९७९ मध्ये गेल्या. त्यांच्या ट्रंकेत या कादंबरीची एकच प्रत निघाली आणि ती अपुरी आहे.

अपुरी म्हणजे फाटलेली नाही. बांधणी अगदी घट्ट आहे. पान १९२ संपतं आणि पुढे परत पान १७७ सुरू होतं. तेच १७७ ते १९२ दुसऱ्यांदा येऊन मग थेट मागचा पुठ्ठा. अनुक्रमणिकेत २४ प्रकरणं आहेत, शेवटचं प्रकरण पान २०१ वर सुरू होतं असं छापलंय. म्हणजे २३ व्या प्रकरणाचा शेवट आणि २४ वं प्रकरण पूर्ण, एवढं आमच्या घरात कोणीच वाचलेलं नाही. घरात आता असं कोणी उरलं नाही ज्याने ते त्यांच्या तोंडून ऐकलं असेल.

खजूरी बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत विचारून झालं. तिथे आता बहुतेक गाइडं आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. इंदुरातल्या मराठी ग्रंथालयांत टोपणनावाने शोधलं, नोंद सापडली नाही. पुढे कुठे आणि कसं शोधायचं?

पुस्तकवेडा_इंदूर

सईताई, एक आधी सांगतो. कादंबरीचं नाव इथे उघड लिहू नका. जुनी पुस्तकं विकणारे हे धागे वाचतात. "शोधत आहे" असं नाव एकदा फिरलं की दोनशे रुपयांची प्रत दोन हजारांची होते, आणि ज्याच्याकडे नाही तोही "आहे, बघून सांगतो" म्हणून थांबवून ठेवतो. नाव व्यनिने पाठवा.

खजूरी बाजाराबद्दल तुमचं बरोबर आहे, पण इंदुरात मराठी पुस्तकं आता दुकानात येतच नाहीत, अटाल्यात, म्हणजे भंगारात, जातात. रामबाग, नारायणबाग, जेल रोडकडचा जुना वाडा पाडायला निघाला की घरचे आधी ग्रंथालयाला फोन करतात. ग्रंथालयाकडे त्याच कादंबऱ्या आधीच असतात, जागाही नसते. मग सगळं किलोवर. अटालेवाला मराठी वाचत नाही, म्हणून त्याला नाव सांगून उपयोग नाही. त्याला सांगायचं: मराठी, जाड पुठ्ठा, पिवळा कागद, जे येईल ते आठ दिवस बाजूला ठेव, मी किलोच्या दुपटीने घेईन. दिवाळीची साफसफाई आणि मे महिन्यातली घरबदल हे दोन हंगाम. माझ्याकडची अर्धी पुस्तकं अशीच आली आहेत.

मांडवीकर

नाव लपवून शोध कसा घेणार? मला पटत नाही. ज्याच्या कपाटात प्रत पडली आहे तो विक्रेता नसतो, एखादी आजी असते. तिला नाव दिसलं तरच ती बोलेल.

रामबागची_सई

@मांडवीकर, तुमचंही पटतं. तूर्त जो विचारेल त्याला व्यनिने कळवते. काही दिवस जाऊ द्या, मग ठरवू.

शुभदा_५५

आमच्याकडेही सासऱ्यांची खूप जुनी मराठी पुस्तकं आहेत, साधारण दोन कपाटं. पुण्याला मुलाकडे राहायला जायचंय. कुणी घेईल का? भाव काय येतो? मुलगा म्हणतो रद्दीत द्या, पण मन होत नाही.

पुस्तकवेडा_इंदूर

शुभदाताई, रद्दीत देऊ नका. वेगळा धागा काढा, मी येऊन बघतो. त्यात १९५० च्या आधीचं काय आहे तेवढं मात्र आजच बाजूला काढून ठेवा. किमतीत आणे असतील किंवा "नाहीं, कांहीं" असे जास्तीचे अनुस्वार दिसले तर ते जुनं समजा.

जुना_खिळा

मी पुण्यात छापखान्यात तेहतीस वर्षं काढली, त्यातली सुरुवातीची हातजुळणीवर. सईताई, तुमच्या प्रतीत काय झालंय ते सांगतो, कारण त्यावर शोधाची दिशा ठरते.

पुस्तक सुटं पान सुटं पान असं छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पानं येतात, तो घडी घातला की एक फर्मा. १ ते १६ पहिला, १७ ते ३२ दुसरा. या हिशोबाने १७७ ते १९२ हा बरोबर बारावा फर्मा आणि १९३ ते २०८ तेरावा. तुमच्या पान १७७ च्या तळाशी, मजकुराच्या खाली, अगदी बारीक अक्षरात १२ आकडा असेल. बघा. बाइंडरकडे फर्म्यांचे गठ्ठे ओळीने लावलेले असतात आणि माणूस प्रत्येक गठ्ठ्यावरून एकेक उचलत पुढे जातो. तेराव्याच्या जागी बारावाच उचलला गेला. त्याचा हात अडखळला असेल तर चूक एका प्रतीपुरती. पण तेराव्याच्या जागी गठ्ठाच बाराव्याचा लागला असेल, तर त्या दिवशी बांधलेल्या सगळ्या प्रती तशाच. एका प्रतीवरून यातलं काय झालं ते कळत नाही.

दुसरी गोष्ट. त्या काळी हजार प्रती छापल्या तरी हजार एकदम बांधत नसत. दोनशे-तीनशे बांधून घ्यायच्या, बाकीचे फर्मे सुटे ठेवायचे, खप होईल तसं पुढचं बांधायचं. प्रत्येक खेपेला पुठ्ठा, कापड, कधी मुखपृष्ठाचा रंगसुद्धा बदलत असे. म्हणून शोधताना तुमच्यासारखीच दिसणारी प्रत मिळाली तर फार आनंद करू नका, ती त्याच खेपेची असू शकते. वेगळ्या बांधणीची शोधा.

रामबागची_सई

खिळेकाका, बारीक १२ आहे! दोन्ही १७७ वर आहे. इतकी वर्षं मी तो पानावरचा डाग समजत होते. माझी प्रत कागदी वेष्टणाची आहे, फिकट हिरवी, आतला पुठ्ठा पातळ.

जुना_खिळा

मग कापडी बांधणीची बघा. ग्रंथालयं शक्यतो कापडी घेत, नाहीतर स्वतः बांधून घेत.

निनाद_क

एक अडचण सांगतो. १९३८ मध्ये इंदूर होळकर संस्थानात होतं. पुस्तकाची प्रत सरकारात जमा करण्याचा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, संस्थानांना लागू नव्हता. त्यामुळे इंदूरच्या पुस्तकाची मुंबई सरकारकडे नोंद मिळणार नाही. हा रस्ता बंदच समजा. त्यापेक्षा शिकागो विद्यापीठाला लिहा, त्यांच्याकडे मराठीतलं सगळं आहे.

अभिलेख

निनाद, कायद्याबद्दलचं पहिलं वाक्य बरोबर, निष्कर्ष नाही. १८६७ च्या त्या कायद्यात पुस्तकं देण्याची जबाबदारी मुद्रकावर होती. पुस्तक कुठे *छापलं* ते महत्त्वाचं, प्रकाशक कुठला ते नाही. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेरच्या कितीतरी प्रकाशकांची पुस्तकं पुण्या-मुंबईत छापली जात. सईताई, शीर्षकपानाच्या मागे मुद्रकाचं नाव-गाव काय आहे?

आणि शिकागोबद्दल: अमेरिकन ग्रंथालयांना भारतीय पुस्तकं मोठ्या प्रमाणात जाऊ लागली ती पीएल-४८० योजनेतून, १९६२ पासून. त्या आधीचं तिथे असतं, पण नशिबाने. १९३८ च्या कादंबरीसाठी तो शेवटचा पर्याय ठेवा.

रामबागची_सई

मुद्रक पुण्याचे आहेत, सदाशिव पेठ.

अभिलेख

मग मार्ग आहे, आणि चांगला आहे. दोन ठिकाणी बघायचं.

पहिलं, शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ आणि दुसरा १९३८ ते १९५०. तुमचं पुस्तक दुसऱ्या भागात असायला हवं. स्कॅन नेटवर आहे, मोठ्या ग्रंथालयांत छापील प्रतही असते. टोपणनाव आणि खरं नाव दोन्हींनी बघा, पुढची आवृत्ती निघाली असेल तर तीही तिथेच कळेल.

दुसरं, त्याच कायद्याखाली मुंबई सरकार दर तीन महिन्यांनी छापलेल्या पुस्तकांची यादी गॅझेटात देत असे. ही यादी कोरडी दिसते, पण तिच्यात प्रत्येक पुस्तकाची पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ती, किती प्रती छापल्या आणि स्वामित्व हक्क कोणाच्या नावे, एवढं सगळं असतं. मुंबईच्या अभिलेखागारात माझं काम चालूच आहे, १९३८-३९ चे अंक चाळून बघतो. नाव व्यनिने पाठवा.

मांडवीकर

मी बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन येतो. मांडवीपासून हाकेच्या अंतरावर राहतो, तेवढा उपयोग होऊ दे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला आणून हे उभं केलं. आतल्या लोखंडी कपाटांचे मजले आणि मजल्यांना काचेची जमीन, वरचा उजेड खालपर्यंत पोचावा म्हणून. मराठीचा संग्रह मोठा आहे, कारण तेव्हा दरबारात आणि शहरात मराठी वाचणारे खूप होते. सईताई, मलाही व्यनि करा.

लष्करवासी

ग्वाल्हेरहून. आमच्या लष्कर भागात दोन-तीन घरांत जुने संग्रह आहेत. त्यातल्या एका काकांना मी ओळखतो, पण त्यांच्याकडे मागायची एक रीत आहे. पुस्तक "वाचायला द्या" म्हटलं की ते दार लावून घेतात, कारण आयुष्यात दिलेली पुस्तकं परत आली नाहीत. त्याऐवजी फक्त हव्या त्या पानांचे फोटो मागायचे, त्यांच्यासमोर, त्यांच्या टेबलावर. आणि आपल्याकडून काहीतरी द्यायचं. सईताई, तुमच्या प्रतीत असं काय आहे जे दुसऱ्या प्रतीत नसेल?

रामबागची_सई

मूळ वेष्टण आहे, त्यावर चित्र आहे. मागे प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची जाहिरात, चार पानं. आणि शीर्षकपानावर आत्याआजींच्या हातची सही, टोपणनावाने नाही, खऱ्या नावाने.

लष्करवासी

वेष्टण आणि जाहिरातीची पानं! संग्राहकाला याहून जास्त काय हवं. ग्रंथालयात वेष्टण टिकतच नाही, पहिल्याच दिवशी काढून टाकतात. दोन्हींचे नीट फोटो काढून मला पाठवा, मी काकांना दाखवतो.

पुस्तकवेडा_इंदूर

ती जाहिरातीची पानं तुम्हीही वाचा, सईताई. प्रकाशक बंद पडला तरी त्याच्या यादीतले लेखक कुठल्यातरी घरातले होते. यादीतली दोन-तीन नावं इंदूरची निघाली तर त्यांच्या नातवंडांना विचारा, कागदपत्रं, उरलेल्या प्रती कुठे गेल्या. दुकानाला कुलूप लागलं की उरलेला माल कोणीतरी उचललेला असतो.

मांडवीकर

ग्रंथालयात जाऊन आलो. टोपणनावाने नाही, खऱ्या नावानेही नाही. तिथल्या बाईंनी खूप मदत केली. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट सगळ्यांच्या कामाची आहे. ग्रंथालयाच्या जुन्या नोंदपत्रिकांमध्ये लेखिकांची नोंद कुठल्या अक्षराखाली असेल याचा नेम नसतो. आडनाव, पहिलं नाव, माहेरचं नाव, टोपणनाव, आणि काही ठिकाणी चक्क "सौ." म्हणून स अक्षरात. म्हणून लेखिकेचं पुस्तक पुस्तकाच्या नावानेच शोधावं, आणि तेही नसेल तर दाखल नोंदवही मागावी. तीत पुस्तकं आली त्या क्रमाने लिहिलेली असतात, १९३८ ते १९४० ची पानं डोळ्यांखालून घालायची.

हे डोक्यात ठेवून मी इथल्या एका लहान जुन्या वाचनालयात गेलो. नोंदपत्रिकेत नाही. दाखल नोंदवहीत १९४९ मध्ये आहे! पण शेऱ्याच्या रकान्यात काही नाही आणि कपाटात पुस्तक नाही. कार्यवाह म्हणाले, बाद केलेली पुस्तकं गच्चीवरच्या खोलीत आहेत, रविवारी उघडू.

निनाद_क

१९४९? पुस्तक तर १९३८ चं.

अभिलेख

वाचनालयं जुनी पुस्तकंही विकत घेत, देणगीतही येत. पण दुसरी शक्यता दिसते. दाते सूचीत मला दोन नोंदी मिळाल्या. १९३८, पृष्ठं २०८, किंमत दीड रुपया. आणि १९४९, दुसरी आवृत्ती, पुण्याचे वेगळे प्रकाशक, पृष्ठं १८४. मांडवीकरांना मिळेल ती बहुधा दुसरी असेल.

गॅझेटातली नोंदही सापडली. पृष्ठं २०८, प्रती १०००, हक्क लेखिकेकडे. म्हणजे पुस्तक पूर्ण छापलं गेलं होतं. सईताईंच्या प्रतीत एकच फर्मा कमी आहे, जास्त नाही.

रामबागची_सई

दुसरी आवृत्ती निघाली होती हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. अभिलेखदादा, मी हे आईला वाचून दाखवलं, ती बराच वेळ काही बोललीच नाही. मांडवीकर, रविवारची वाट बघते.

जुना_खिळा

२०८ चे १८४. छपाईच्या अक्षरांचा खिळा लहान घेतला, ओळी जास्त बसवल्या तर तेवढा फरक पडतो. पण तेवढंच असेल असं धरून चालू नका. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मजकूर कापणं सर्रास चाले. मांडवीकर, प्रत हाती आली की आधी अनुक्रमणिका बघा. मग सईताईंच्या पान १९२ चं शेवटचं वाक्य घ्या आणि ते तुमच्या प्रतीत कुठे आहे ते शोधा. पानांचे आकडे जुळणार नाहीत.

कविता_राजेंद्रनगर

इंटरनेट आर्काइव्हवर पाहिलं का? डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची हजारो मराठी पुस्तकं तिथे आहेत.

रामबागची_सई

पाहिलं. साध्या रोमन स्पेलिंगने काही आलं नाही.

कविता_राजेंद्रनगर

साध्या स्पेलिंगने येणारच नाही. त्या पुस्तकांची नावं फार विचित्र पद्धतीने भरली आहेत. दीर्घ स्वर दोनदा, अनुस्वार आणि ट-ठ-ड-ण साठी मध्येच अपॉस्ट्रॉफी. "कादंबरी" हा शब्द `Kaadan'barii` अशा थाटात दिसतो. म्हणून पूर्ण नाव न टाकता एक सोपा तुकडा घ्या आणि भाषेची अट लावा. समजा नावात "वहिनी" आहे, तर असं:

```
language:(Marathi OR mar) AND title:(vahini OR vahinii OR wahini)
```

लेखकाच्या जागी कधी प्रकाशकाचं नाव असतं, कधी काहीच नसतं. मिळालं तर उतरवून घेण्याआधी शेवटची पानं उघडून बघा. स्कॅन करताना पानं सुटण्याचं प्रमाण बरंच आहे.

रामबागची_सई

पद्धत छान आहे, करून बघितली. पहिली नाही, दुसरी नाही. पण याच शोधात आत्याआजींच्या जाहिरातीच्या पानातली दुसरी दोन पुस्तकं मिळाली.

मांडवीकर

मिळाली! दुसरीच आवृत्ती, १९४९. पुस्तक बाद केलेलं नव्हतं, खाली पडलेल्या एका गठ्ठ्यात होतं. वाळवी पहिल्या वीस पानांपर्यंत आली आहे, शेवट शाबूत. कार्यवाहांनी मला तिथेच बसून फोटो काढू दिले.

आता नीट वाचा. अनुक्रमणिकेत २३ प्रकरणं आहेत. २४ वं नाही. सईताईंच्या पान १९२ चं शेवटचं वाक्य इथे पान १७६ च्या मध्यावर आहे. तिथून पुढे पान १८४ पर्यंत २३ वं प्रकरण संपतं आणि खाली "समाप्त". ती साडेआठ पानं व्यनिने पाठवली आहेत.

रामबागची_सई

वाचली. आईने आधी वाचली, मग मी. नायिका वडिलांचं घर सोडून शाळेत नोकरी धरते, इथवर आम्हाला माहीत होतं. २३ व्या प्रकरणात भाऊ तिला न्यायला येतो. ती दारात उभी राहते आणि आत ये म्हणते, बरोबर येते म्हणत नाही. तिथे संपतं. शेवट म्हणून तो पुरेसा आहे. पण माझ्या प्रतीच्या अनुक्रमणिकेत २४ व्या प्रकरणाचं नाव छापलंय, "पत्र". कोणाचं पत्र? कोणाला? आठ पानांचं प्रकरण आहे.

मांडवीकरकाका, तुमचे आणि त्या कार्यवाहांचे आभार कसे मानू.

निनाद_क

१९४९ मध्ये कागद महाग होता, टंचाई होती. पानं वाचवायला कापलं असेल.

पुस्तकवेडा_इंदूर

किंवा पत्रात असं काही असेल जे पुण्याच्या प्रकाशकाला नको होतं. किंवा घरच्यांना.

अभिलेख

दोन्ही शक्य आहे, आज दोन्हींना पुरावा नाही. दुसऱ्या आवृत्तीला प्रस्तावना आहे का?

मांडवीकर

एक पान आहे, वाळवीने अर्धं खाल्लेलं. "...वाचकांच्या सूचनेवरून कांहीं ठिकाणीं..." एवढं वाचता येतं. पुढची ओळ गेली आहे. आधीच्या प्रकरणांतही चार-पाच ठिकाणी वाक्यं कमी केलेली दिसतात, मी सईताईंच्या फोटोंशी ताडून पाहिलं.

जुना_खिळा

मग कागदाचं कारण मला पटत नाही. कागद वाचवायचा तर प्रकरण उडवतात, मधली सुटी वाक्यं काढत बसत नाहीत. त्यात जुळणीचा खर्च वाचत नाही, उलट हस्तलिखितावर हात फिरवायला कोणीतरी बसावं लागतं. कोणीतरी वाचून, ठरवून कापलंय. कोणी, ते मी सांगू शकत नाही.

रामबागची_सई

एक वेगळा प्रश्न. पहिल्या आवृत्तीचा मजकूर पूर्ण मिळाला तर ती पुन्हा छापावी अशी आईची इच्छा आहे. हक्कांचं काय? आत्याआजींना मूलबाळ नव्हतं.

निनाद_क

१९३८ चं पुस्तक, साठ वर्षं होऊन गेली. मोकळं आहे, छापा.

अभिलेख

इतकं सोपं नाही. साठ वर्षं मोजायची ती लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. त्या १९७९ मध्ये गेल्या, म्हणजे २०३९ च्या अखेरपर्यंत हक्क. टोपणनावाने लिहिलेल्या पुस्तकाला प्रकाशनापासून साठ वर्षं हा नियम आहे, पण त्या मुदतीत लेखिकेचं खरं नाव जाहीर झालं असेल तर परत मृत्यूपासूनच मोजतात. तेव्हा प्रश्न असा की मुदत संपण्याच्या आत हे नाव कुठे छापून आलं होतं का. गॅझेटातल्या नोंदीत हक्क "लेखिकेकडे" एवढंच आहे, नाव नाही. पुण्याच्या प्रकाशकाला हक्क लिहून दिले होते का, तेही पाहायला हवं. त्यांचा व्यवसाय आज कोणाकडे आहे ते शोधून त्यांच्या जुन्या करारांच्या फायली विचारा. मिळतील याची खात्री नाही.

ग्रंथालयासाठी मात्र वेगळी सवलत आहे. जे पुस्तक भारतात विकत मिळत नाही त्याच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालय स्वतःच्या वापरासाठी करू शकतं. बडोद्याच्या त्या वाचनालयाला सांगा, वाळवी पुढे जाण्याआधी एक करून घ्या.

मांडवीकर

कार्यवाहांना सांगितलं. खर्च मी देतो म्हटलंय.

शुभदा_५५

सासऱ्यांच्या कपाटातून १९५० च्या आधीचं बाजूला काढलं, साधारण चाळीस निघाली. त्यात इंदूरच्या प्रकाशकांची सहा आहेत. सईताईंची यात नसेल, पण नाव कळवा, बघते.

रामबागची_सई

शुभदाताई, व्यनि केलाय.

लष्करवासी

काकांकडे जाऊन आलो. वेष्टणाचा फोटो त्यांनी चष्मा काढून डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग आतून पुस्तक घेऊन आले. पहिली आवृत्ती, १९३८!

पण ती सईताईंसारखीच आहे. फिकट हिरवं कागदी वेष्टण नाही, ते गेलंय, पण पुठ्ठा तसाच पातळ. १९२ नंतर पुन्हा १७७. त्यांनीही हे आजवर पाहिलं नव्हतं, शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं म्हणाले.

जुना_खिळा

म्हणजे हात अडखळला नव्हता. गठ्ठाच चुकला होता. त्या कागदी खेपेच्या निदान बऱ्याच प्रती अशाच असणार. आता खात्रीने सांगतो, कागदी वेष्टणाच्या मागे वेळ घालवू नका. कापडी बांधणी, किंवा ग्रंथालयाने नव्याने बांधलेली. आणि विचारताना "कादंबरी आहे का" एवढं विचारून थांबू नका. "१९२ नंतरचं पान कोणतं" हे विचारा. एका मिनिटात निकाल लागतो.

मांडवीकर

आता तरी नाव उघड करा. किंमत चढली तर चढली.

पुस्तकवेडा_इंदूर

अजूनही नको म्हणेन. पण निर्णय सईताईंचा.

रामबागची_सई

आईशी बोलले. ती म्हणाली, नाव ग्रंथालयांना आणि घरांना कळवायचं, बाजारात नाही. म्हणून मी एक पानी पत्र तयार केलंय: पुस्तकाचं नाव, टोपणनाव, खरं नाव, वर्ष, पुण्याचा मुद्रक, वेष्टणाचा फोटो, आणि खिळेकाकांचा प्रश्न ठळक अक्षरात. पुस्तक पाठवू नका, पान २०१ ते २०८ चे फोटो पुरे, असंही लिहिलंय. पुण्या-मुंबई-ठाण्याच्या जुन्या ग्रंथालयांना टपालाने पाठवते आहे. माळव्यातल्या गावांसाठी कोणी मदत करेल का? देवास, धार, उज्जैनला मराठी वाचनालयं होती.

कविता_राजेंद्रनगर

देवासला माझं माहेर आहे. पत्र पाठवा, मी स्वतः नेऊन देते.

अभिलेख

मी १९३८-३९ च्या मासिकांतली परीक्षणं बघतो. परीक्षणकर्ता बरेचदा कथानक शेवटासकट सांगून टाकत असे. पत्र कोणाचं, एवढं तरी कळेल. आणि परीक्षणात खरं नाव छापलं असेल तर हक्कांचा प्रश्नही त्यातच सुटेल, मात्र तुमच्या सोयीचा सुटेलच असं नाही.

शुभदा_५५

सईताई, चाळिसांत ती नाही. पण सासऱ्यांनी वाचलेल्या पुस्तकांची वही ठेवली होती. तीत १९४१ मध्ये तुमच्या कादंबरीचं नाव आहे, पुढे कंसात उज्जैनच्या वाचनालयाचा शिक्का-क्रमांक लिहिलाय. वहीच्या पानाचा फोटो पाठवते.

रामबागची_सई

ताई, लगेच पाठवा. उज्जैनला कोण आहे?

क्षिप्राकाठ

मी आहे. ते वाचनालय आता दुसऱ्या इमारतीत गेलंय, सोमवारी बंद असतं. मंगळवारी संध्याकाळी जातो. दाखल क्रमांक आणि पत्र दोन्ही द्या.